प्रिंटर परत केला, रिफंड निम्माच आला. हा हिशोब कुणाला लागतोय का?

कोरा_कागद

घरच्या कामासाठी ऑनलाइन प्रिंटर मागवला होता, सोबत शाईचा एक जादा संच. खरी रक्कम सांगत बसत नाही, सगळं शंभरात मांडतो. प्रिंटर 80, शाई 20, एकूण 100. डिलिव्हरी फुकट होती.

प्रिंटर लावला, चार दिवस वापरला आणि लक्षात आलं की हा कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापतच नाही. एक बाजू छापून झाली की थांबतो आणि स्क्रीनवर सांगतो, कागद उलटा करून परत ट्रेमध्ये घाला. मला रोज पन्नास-साठ पानं काढायची असतात, तिथे कोण उभं राहून कागद उलटे करणार? मुदतीच्या आत परत पाठवला. शाई ठेवून घेतली, म्हटलं होईल उपयोग.

काल रिफंड आला. 80 यायला हवे होते, आले 40. खाली तीन ओळी: रिस्टॉकिंग फी 12, रिटर्न शिपिंग 14, मूळ डिलिव्हरी 6. मूळ डिलिव्हरी तर फुकट होती ना? आणि लेबल काढताना स्क्रीनवर मला 7 दिसले होते, त्याचे 14 कसे झाले? शिवाय 12, 14 आणि 6 मिळून 32 होतात. 80 मधून 32 गेले तर 48 उरतात. वरचे 8 कुठे गेले?

कस्टमर केअरचं उत्तर एकच, "पॉलिसीनुसार". कुणाला काही उमगतंय का?

झणझणीत

सरळ लूट आहे ही. रिस्टॉकिंग फी बेकायदेशीर असते, लावताच येत नाही. आणि ग्राहकाने भरलेले सगळे पैसे, पहिल्या डिलिव्हरीसकट, 14 दिवसांत परत द्यावे लागतात. असा कायदाच आहे. त्यांना कायद्याचं नाव घेऊन एक मेल टाका, दोन दिवसांत सुतासारखे सरळ येतील.

पाऊसवेडी

माझंही सेम! मी परत केलेल्या बुटांचे पैसे अजून आलेच नाहीत. कंपनी म्हणते 12 तारखेलाच दिले, बँक म्हणते आमच्याकडे काही नाही. तुम्हाला निम्मे तरी आले.

गोदामातला

एका ऑनलाइन विक्रेत्याच्या रिटर्न विभागात सहा वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

पाऊसवेडी, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमचे पैसे कापलेले नाहीत, वाटेत अडकलेत. रिफंड कार्डावर गेला असेल तर विक्रेत्याकडून ARN नंबर मागून घ्या आणि तो बँकेला द्या. त्या नंबरावरून बँकेला व्यवहार शोधता येतो. नुसतं "12 तारखेला दिले" एवढ्यावर बँकेचा माणूस काही शोधत नाही.

कोरा_कागद, तुम्हाला आधी तीन गोष्टी विचारतो. परत करताना यादीतून कारण कोणतं निवडलं? ऑर्डरवर कूपन लावलं होतं का? आणि प्रिंटर मूळ खोक्यातच पाठवला का?

कोरा_कागद

कारण बहुतेक "मत बदललं" असं काहीतरी निवडलं. यादी लांबलचक होती, पहिलंच दाबलं. कूपन होतं, 10 टक्क्यांचं. आणि खोकं… घरात अडगळ नको म्हणून पहिल्याच दिवशी फाडून रद्दीत टाकलं होतं. दुसऱ्या एका मोठ्या खोक्यात घातला, आजूबाजूला वर्तमानपत्रं आणि जुन्या उशीचा कापूस कोंबला.

खडूसकाका

उशीचा कापूस! मग रिस्टॉकिंग फी प्रिंटरची नाही रे, त्या कापसाची असणार.

गोदामातला

हेच वाटलं होतं. हरवलेले 8 आधी सोडवू, कारण ते हरवलेलेच नाहीत. 10 टक्के कूपन धरून तुम्ही 100 नाही, 90 भरले. ते कूपन दोन्ही वस्तूंवर वाटलं जातं. म्हणजे प्रिंटरचे 72 आणि शाईचे 18. प्रिंटर परत केला तर जास्तीत जास्त 72 येऊ शकतात, 80 कधीच नाही. 72 मधून 32 गेले, उरले 40. बेरीज बरोबर आहे. वजा केलेले आकडे बरोबर आहेत का, हा पुढचा प्रश्न.

मूळ डिलिव्हरीचे 6. फुकट डिलिव्हरी बहुतेक ठिकाणी ठरावीक रकमेच्या वरच्या ऑर्डरला असते. प्रिंटर गेल्यावर तुमच्या ऑर्डरमध्ये राहिली फक्त शाई, म्हणजे ती रक्कम भरत नाही. मग माफ केलेली डिलिव्हरी वसूल करतात. असं कलम अटींत लिहिलेलं असतं किंवा नसतं. लिहिलेलं नसेल तर कापता येत नाही, म्हणून तेवढी ओळ शोधा.

रिस्टॉकिंग फी 12. ही 80 च्या 15 टक्के होते. पण तुम्ही प्रिंटरला 72 दिले, आणि 72 च्या 15 टक्के होतात 10.8. ही चूक मी नोकरीत असताना ढिगाने पाहिली आहे. टक्केवारी छापील किमतीवर लावतात, भरलेल्या किमतीवर नाही. रक्कम छोटी आहे, पण अटींत "खरेदी किमतीच्या 15 टक्के" असं असेल तर 1.2 जास्त घेतलेत.

आता 14. कुरियरवाले फक्त काट्यावरचं वजन धरत नाहीत, खोकं किती जागा खातं तेही धरतात, आणि दोन्हींपैकी जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बऱ्याच कुरियर कंपन्यांत 5000 ने भागायचं, की किलो मिळतात. मूळ खोक्याचं माप कंपनीकडे असतंच, लेबल काढताना स्क्रीनवर आलेले 7 त्यावरूनच आले. पण हबमध्ये खोकं पुन्हा मोजलं जातं. तुमच्या खोक्याचं माप किती होतं?

कोरा_कागद

माप घेतलं नव्हतं, पण त्याचं भावंड घरात आहे, त्यावरून सांगतो. अंदाजे 60, 50 आणि 45. मूळ खोकं किती होतं ते निर्मात्याच्या साइटवर दिलंय: 48, 42, 32. प्रिंटरचं वजन 8 किलो.

गोदामातला

मग करून बघा:

```
48 × 42 × 32 ÷ 5000 = 12.9
60 × 50 × 45 ÷ 5000 = 27
```

काट्यावर 8 किलोचा प्रिंटर मूळ खोक्यात 13 किलोचा धरला गेला असता. तुमच्या खोक्यात तो 27 किलोचा झाला. दुपटीच्या जरा वर. 7 चे 14 असे झाले. तुम्ही कापूस आणि हवा पाठवलीत, त्याचे 7.

सई_ताई

बाई गं, हे मला माहीतच नव्हतं. मी तर नेहमी मोठं खोकं घेते, वस्तू फुटू नये म्हणून.

गोदामातला

ताई, फुटू नये म्हणून प्रत्येक बाजूला चार-पाच सेंटिमीटर भर पुरते. त्याहून जास्त उंची उरत असेल तर खोक्याच्या उभ्या कडा कापून झाकणं खाली घडी करायची आणि मग टेप मारायचा. आणि पट्टी लावून एक फोटो काढून ठेवा. हबमधलं यंत्रही कधीकधी चुकतं, खोकं फुगलेलं असलं की हमखास.

झणझणीत

हे सगळं ठीक आहे, पण मुळात फी लावणंच बेकायदेशीर असताना आपण 10.8 की 12 यावर चर्चा कशाला करतोय?

दूरदेशी

झणझणीत, तुम्ही सांगताय तो युरोपियन युनियनचा नियम, 2011 चा. तो मी इथे वापरलाय, म्हणून सांगते. ऑनलाइन खरेदी वस्तू हातात आल्यापासून 14 दिवसांत कारण न देता रद्द करता येते. सगळी खरेदी रद्द केली तर पहिल्या डिलिव्हरीचे पैसेही मिळतात, पण साध्या डिलिव्हरीच्या दराने. घाईची डिलिव्हरी घेतली असेल तर वरचा फरक आपला. परत पाठवायचा खर्च मात्र ग्राहकाचाच, विक्रेत्याने स्वतःहून उचलला नसेल किंवा तो तुम्हाला भरावा लागेल हे आधी सांगितलंच नसेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे तिथेही "सगळे पैसे" नाहीत.

आणि वस्तू दुकानात जेवढी हाताळून बघू तेवढीच हाताळायची. त्याहून जास्त वापरली तर घटलेल्या किमतीएवढे पैसे कापता येतात. त्याला रिस्टॉकिंग फी म्हणत नाहीत, पण कापले जातात. आणि हा नियम जिथला तिथेच. जगभर चालत नाही.

झणझणीत

असेल. पण वापर केला हे ते सिद्ध कसं करणार?

गोदामातला

प्रिंटरच्या बाबतीत? एका बटणात. प्रिंटर स्वतःच पानं मोजतो. स्टेटस पेज काढलं की आजवर किती पानं छापली ते लिहून येतं. आमच्याकडे प्रत्येक प्रिंटरचं ते पान काढून फाइलला लावायचे. शिवाय शाईच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये पहिल्यांदा सोबतची काडतुसं बसवली की शाई आतल्या नळ्यांत भरते. ती परत काडतुसात घालता येत नाही. तो प्रिंटर पुन्हा "नवा" म्हणून विकता येत नाही, स्वच्छ करून "उघडलेलं खोकं" म्हणून कमी किमतीत जातो. रिस्टॉकिंग फीमागे खरं कारण असेल तर ते हे आहे. सील न तोडता परत आलेल्या वस्तूवरही तीच 15 टक्के लावतात, तिथे मात्र मला त्याचं समर्थन करता येत नाही.

कोरा_कागद, किती पानं काढली होती?

कोरा_कागद

चौतीस. पाठवण्याआधी मीच सहज म्हणून ते पान काढलं होतं.

खडूसकाका

चौतीस पानांत कळलं की कागद उलटा होत नाही? मला तर दुसऱ्याच पानाला कळलं असतं.

कोरा_कागद

काका, मला वाटलं सेटिंग चुकतंय. ड्रायव्हर दोनदा काढून पुन्हा टाकला. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं ना, दोन्ही बाजूंनी आपोआप छपाई म्हणून.

गोदामातला

थांबा. हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! जाहिरातीत तसं लिहिलं होतं?

मग आतापर्यंतचा माझा सगळा हिशोब बाजूला ठेवा. तुम्ही मत बदललं नाही, त्यांनी वर्णनात नसलेली सोय विकली. अशा रिटर्नमध्ये फी नाही, लेबलचे पैसे नाहीत, डिलिव्हरी वसुली नाही. 72 चे 72.

पण तुम्ही यादीत "मत बदललं" दाबलंत. खोकं उघडायच्या आधीच सिस्टीम त्या एका क्लिकवर ठरवते की लेबल कुणाच्या खात्यावर टाकायचं. टेबलावरचा माणूस फक्त वस्तूची स्थिती बघतो, तुम्ही का परत केली ते त्याला दिसतही नाही. कस्टमर केअरला तुमच्या फाइलवर "मत बदललं" एवढंच दिसतं, म्हणून "पॉलिसीनुसार". तुम्ही त्यांच्याशी कापलेल्या पैशांवर भांडताय. भांडण कारणावर करा, कारण बदललं की कपात आपोआप गळते.

पुरावा काय आहे?

कोरा_कागद

आत्ता पान उघडून बघितलं तर ते वाक्यच गायब आहे! आता लिहिलंय "दोन्ही बाजूंनी छपाई", "आपोआप" हा शब्द काढून टाकला.

गोदामातला

अपेक्षितच. ऑर्डर केल्यावर आलेला मेल उघडा. त्यात वस्तूचं शीर्षक त्या दिवशी जसं होतं तसंच राहतं, पान नंतर बदललं तरी मेल बदलत नाही. आणि प्रिंटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो आहे का? मॉडेल नंबरात शेवटच्या एका अक्षराचा फरक असतो, मोठ्या भावाचं वर्णन धाकट्याच्या पानावर चिकटवलेलं असतं.

कोरा_कागद

मेल मिळाला!! शीर्षकातच आहे, "आपोआप दोन्ही बाजूंनी छपाई". स्टिकरचा फोटोही आहे, वॉरंटीसाठी काढला होता. निर्मात्याच्या साइटवर या नंबरापुढे "हाताने कागद उलटून" असं दिलंय.

सई_ताई

मग आता बँकेलाच सांग की पूर्ण व्यवहार उलटवा म्हणून. माझ्या भावाने केलं होतं तसं.

गोदामातला

ताई, पूर्ण नको. 40 आलेले आहेत. पूर्ण रकमेचा वाद घातला तर विक्रेता आलेला रिफंड दाखवेल आणि तुमचीच बाजू लंगडी पडेल. घालायचाच झाला तर फक्त कापलेल्या 32 चा. मोठ्या कार्ड नेटवर्कांत त्यासाठी बहुतेक वेळा 120 दिवसांपर्यंत मुदत असते, पण बँकेकडून नेमकी तारीख विचारून घ्या. आणि काही विक्रेते असा वाद घातला की खातंच बंद करतात, हेही लक्षात असू द्या. आधी विक्रेत्याला लिहा. नवीन तक्रार उघडू नका, जुन्या तिकिटावरच उत्तर द्या, नाहीतर नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

कोरा_कागद

हे पाठवतोय, बघा बरं:

"या ऑर्डरच्या रिटर्नमध्ये मी चुकून 'मत बदललं' हे कारण निवडलं. खरं कारण: वस्तू वर्णनाप्रमाणे नव्हती. ऑर्डरच्या मेलमध्ये आपोआप दोन्ही बाजूंनी छपाई असं लिहिलं आहे. मला मिळालेल्या मॉडेलमध्ये ती सोय नाही. ऑर्डरचा मेल, मागच्या स्टिकरचा फोटो आणि निर्मात्याचं पान सोबत जोडलं आहे. कृपया कारण दुरुस्त करून कापलेले 32 परत करावेत."

गोदामातला

छान. एक शब्द वाढवू नका. कापूस, चौतीस पानं, ड्रायव्हर, यातलं काहीही लिहू नका, विचारलं तर खरं सांगा.

दूरदेशी

यावर माझं थोडं वेगळं मत. खोकं मूळ नव्हतं हे आधीच सांगितलेलं बरं. नंतर ते त्यांनीच काढलं तर लपवल्यासारखं दिसतं.

गोदामातला

माप त्यांच्याकडे आहेच, लपवायला उरलंय काय? पण ज्याची त्याची पद्धत.

कोरा_कागद

(नऊ दिवसांनी) अपडेट. दोनदा "पॉलिसीनुसार" आलं, तिसऱ्यांदा कुणीतरी वरचा माणूस बोलला. रिस्टॉकिंगचे 12 परत, डिलिव्हरीचे 6 परत, लेबलचे 7 परत. म्हणजे एकूण 65 झाले. राहिलेल्या 7 बद्दल म्हणतात की मूळ खोक्यात पाठवलं असतं तर 7 च लागले असते, वरचे 7 तुमच्या खोक्याचे, ते आम्ही देणार नाही.

झणझणीत

सोडू नका! चूक त्यांची, तर पूर्ण खर्च त्यांचा.

दूरदेशी

मला त्यांचं म्हणणं अर्धं पटतं. चूक त्यांची, पण खोकं यानेच फाडलं.

गोदामातला

खरं सांगायचं तर हे मी दोन्हीकडून ठरलेलं पाहिलंय. रिटर्नच्या सूचनांत "मूळ खोक्यातच पाठवा" असं लेबल काढण्याआधी दिसलं होतं का, यावर अडतं. नसेल दिसलं तर तुमची बाजू भक्कम. लेबलसोबत आलेला कागद आहे का?

कोरा_कागद

कागद प्रिंटरच्याच खोक्यावर चिकटवून टाकला. त्याच प्रिंटरवर छापला होता, ते 34 वं पान.

7 सोडतो. पण आता नवीन डोकेदुखी. शाईचा तो संच सीलबंद पडून आहे आणि मुदत या भांडणात गेल्या आठवड्यात संपली. प्रिंटरच नाही तर शाई घेऊन काय करू? त्यांना सांगता येईल का की ही शाई त्या प्रिंटरमुळेच घेतली होती?

गोदामातला

विनंती करता येईल, हक्काने मागता येणार नाही. ती वेगळी ओळ आहे आणि शाईत दोष नाही. मानलं तरी लेबल तुमच्या खिशातून असणार.

खडूसकाका

काडतुसाचा नंबर टाक रे जरा.

कोरा_कागद

व्यनि केला, काका.

खडूसकाका

माझ्याच प्रिंटरची निघाली! घेतो मी. तुला 18 ला पडली ना? 15 टक्के रिस्टॉकिंग कापून 15.3 देतो. आणि टपालखर्च तुझा. खोकं छोटं घे.